इतिवृत्तातल्या 'त्यांनी'वरून सोसायटीत राडा झालाय, वाक्य कसं दुरुस्त करू?

गच्चीवरचा_पतंग

नमस्कार मंडळी. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, म्हणजे कोणीच तयार नव्हतं म्हणून मला उभं केलं आणि दोन वर्षं झाली अजून खाली बसू दिलेलं नाही. तर गेल्या महिन्यात कमिटीची सभा झाली, तिचं इतिवृत्त मी लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. त्यातलं हे एक वाक्य:

«अध्यक्षांनी खजिनदारांना सांगितले की त्यांनी लिफ्टच्या ठेकेदारांना आगाऊ रक्कम दिल्याचे त्यांच्या लक्षात आले नव्हते.»

मी स्वतः सभेत बसलो होतो त्यामुळे मला लिहिताना काहीही खटकलं नाही. झालं असं होतं की लिफ्टचा दोर बदलायचा म्हणून खजिनदारांनी ठेकेदाराला २५,००० रुपये आगाऊ दिले होते, अध्यक्षांना ते माहीत नव्हतं, सभेत ते तसं म्हणाले, विषय संपला. पण ग्रुपवर टाकल्यावर तासाभरात अध्यक्षांचा फोन, की मी कधी दिले रे पैसे? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाचून त्यांना जिन्यात गाठलं होतं. तो फोन ठेवतोय तोवर खजिनदार दारात, की मी पैसे देऊन विसरलो असं लिहिलंयस, मला विसरभोळा ठरवतोस का. दोघंही माझ्यावर रागावलेत आणि गंमत म्हणजे दोघांचं वाचन व्याकरणाने बरोबर आहे.

पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिलाच विषय असतो, तेव्हा दुरुस्ती मांडायची आहे. वाक्य कसं लिहू? आणि पुढे असं होऊ नये म्हणून काही युक्ती आहे का?

बाराखडी_मास्तर

सोपं आहे हो. आम्ही मुलांना शाळेत सांगायचो, सर्वनाम नेहमी जवळच्या नामासाठी येतं. तुमच्या वाक्यात 'त्यांनी'च्या आधी सगळ्यात जवळ कोण आहे? खजिनदार. म्हणजे पैसे खजिनदारांनी दिले. वाचणाऱ्यांनी नीट वाचलं असतं तर प्रश्नच नव्हता. हल्ली लोकांना वाचायची सवयच राहिली नाही.

गच्चीवरचा_पतंग

मास्तर, पण मग दुसरं 'त्यांच्या'? त्याच्या जवळ तर ठेकेदार आहेत. ठेकेदाराने पैसे घेतले आणि त्याच्याच लक्षात आलं नाही असा अर्थ होईल :) असा ठेकेदार मिळाला तर मी सोसायटी सोडणार नाही.

उपशीर्षकवाली

मास्तर, माफ करा पण तो नियम अर्धाच चालतो. मी सबटायटलं लिहिते, दिवसभर हेच काम, म्हणून बोलते. ही दोन वाक्यं बघा.

रमेशने सुरेशला फोन केला, पण तो घरी नव्हता.
रमेशने सुरेशला फोन केला, कारण त्याला पैसे हवे होते.

पहिल्यात 'तो' सुरेश, दुसऱ्यात 'त्याला' म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात रमेश येतो. दोन्हीकडे जवळचं नाम सुरेशच आहे की. मग अंतर मोजून काय उपयोग? आपण वाचताना अंतर मोजतच नाही, फोन कोण कशासाठी करतं हे आपल्याला माहीत असतं त्यावरून ठरवतो.

यावरचं एक जुनं प्रसिद्ध उदाहरण आहे, टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये दिलेलं, संगणकाला भाषा कळते म्हणजे नक्की काय कळतं याबद्दलचं. मराठीत ते साधारण असं होईल: नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती. भीती कोणाला? नगरसेवकांना. आता शेवटचा भाग बदला, 'कारण ते हिंसाचाराचा पुरस्कार करत होते', की लगेच 'ते' मोर्चेकरी झाले. बाकी वाक्य जसंच्या तसं. म्हणजे उत्तर व्याकरणात नाहीच, मोर्चे कसे निघतात आणि परवानग्या कशा नाकारल्या जातात हे ज्याला माहीत त्यालाच ते वाक्य कळतं.

आणि पतंगराव, तुमची गोची नेमकी हीच झालीय. पैसे देणं आणि लक्षात न येणं या दोन्ही गोष्टी अध्यक्षही करू शकतात आणि खजिनदारही, त्यामुळे जगाचं ज्ञान इथे काही मदत करत नाही. काकूंना सभा माहीत नाही, त्यांनी त्यांच्या मनात जो आधीपासून होता तो अर्थ काढला.

कोथिंबीर_जुडी

आमच्याकडे यावरून नाशिकहून गाडी आली होती!! वडील दवाखान्यात होते, मी घरच्या ग्रुपवर घाईघाईत टाकलं, "डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की त्यांना उद्या सुट्टी आहे". म्हणजे डॉक्टर उद्या येणार नव्हते, रविवार होता, एवढंच. पण आपल्याकडे पेशंटला घरी सोडतात त्यालाही सुट्टीच म्हणतात ना. चुलतभाऊ सकाळी गाडी घेऊन दारात, वहिनींनी मऊ भात करून डबा दिलेला, आत्याने घरी ओवाळायची तयारी ठेवलेली. बाबांनाच वाटायला लागलं की आपल्याला सोडतायत, ते शर्ट घालून बसले. नंतर चार दिवस आत राहिले बिचारे. मला अजूनही ऐकवतात सगळे.

दस्तवाला_काका

कोथिंबीरताई, तुमच्या वाक्यात दोन दोष एकावर एक बसले आहेत, 'त्यांना' दोघांकडे जातं आणि 'सुट्टी'चेही दोन अर्थ, आणि ते दोन अर्थ नेमके त्या दोन माणसांना चपखल बसतात. नुसतं 'डॉक्टर उद्या नाहीत' लिहिलं असतं तर सर्वनामच लागलं नसतं.

आता मूळ प्रश्न. मी तीस वर्षं दस्त लिहितोय, खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार, आणि आमच्या धंद्यात एक 'त्यांनी' चुकला तर लोक कोर्टात जातात, ग्रुपवर भांडून थांबत नाहीत. त्यामुळे आमच्या वाडवडिलांनी युक्ती काढून ठेवली आहे. दस्तात सुरुवातीलाच एक पक्ष 'लिहून देणार' आणि दुसरा 'लिहून घेणार' असं ठरतं आणि मग शेवटच्या पानापर्यंत तेच. 'तुम्ही लिहून घेणार यांनी आम्हा लिहून देणार यांस रक्कम पोचती केली'. लोक हसतात, म्हणतात काय ती कोर्टाची भाषा, पण त्यात 'त्यांनी' कुठे दिसतो का बघा. मुद्दाम नाही. तुम्ही आणि आम्ही यांची गल्लत होत नाही, त्याची आणि त्याची होते.

तुमच्या वाक्याची तपासणी मी कशी करतो ते सांगतो. पेन्सिल घ्यायची, वाक्यातल्या प्रत्येक ते, ती, त्या, त्यांनी, त्यांच्या खाली रेघ मारायची. मग प्रत्येकाच्या जागी वाक्यातली एकेक माणसं बसवून वाचायचं. पहिल्या 'त्यांनी'च्या जागी अध्यक्ष चालतात, खजिनदार चालतात, ठेकेदार चालत नाहीत कारण ते घेणारे आहेत. दुसऱ्या 'त्यांच्या'च्या जागी अध्यक्ष, खजिनदार दोघंही चालतात. दोन दुणे चार अर्थ झाले:

खजिनदारांनी दिले, अध्यक्षांच्या लक्षात आलं नव्हतं (हे खरं घडलेलं).
खजिनदारांनी दिले, खजिनदारांच्याच लक्षात राहिलं नाही (यावरून खजिनदार दारात).
अध्यक्षांनी दिले, खजिनदारांच्या लक्षात आलं नव्हतं (यावरून काकू जिन्यात).
अध्यक्षांनी दिले, अध्यक्षच विसरले (हा अजून कोणी काढला नसेल तर वाट बघा).

एखादं माणूस बसवून वाक्य हास्यास्पद झालं तर ते सर्वनाम तसंच ठेवायचं, ते निरुपद्रवी आहे. दोन माणसं बसवून दोन्ही वाक्यं शहाणी वाटली तर मात्र मोडायचं. आणि ही तपासणी स्वतः करू नये, सभेला नसलेल्या कोणाला तरी करायला द्यावी. लिहिणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीच असतं, त्याला दुसरा अर्थ दिसतच नाही.

सायकलस्वार

मला वाटतं टेबल 'ते' आहे पण आमच्याकडे 'तो टेबल' पण म्हणतात, त्यामुळे सर्वनामाचा घोळ होतो. ट्रक पण तसंच. शासनाने एकदा सगळ्या इंग्रजी शब्दांचं लिंग ठरवून टाकायला पाहिजे.

कोथिंबीर_जुडी

सायकलस्वार दादा, विषय तो नाहीये :) कोणाबद्दल बोलतोय ते कळत नाही असा विषय आहे.

उपशीर्षकवाली

नाही नाही, थांबा, ते चुकून कामाचं बोलून गेले. लिंगावरून मराठीत फार मदत होते. इंग्रजीत वस्तू म्हटली की सगळ्यांना एकच सर्वनाम, आपल्याकडे तो-ती-ते. त्या विनोग्राडच्या धर्तीवर नंतर हेक्टर लेव्हेक यांनी अशा जोडवाक्यांची परीक्षाच सुचवली, त्यातलं गाजलेलं वाक्य म्हणजे ट्रॉफी सुटकेसमध्ये मावत नाही कारण ती खूप मोठी आहे. आणि 'मोठी'च्या जागी 'लहान' केलं की 'ती' सुटकेस होते. मराठीत ट्रॉफी पण ती, सुटकेस पण ती, म्हणून कोडं तसंच राहतं. पण ट्रॉफीचा 'करंडक' करा. करंडक सुटकेसमध्ये मावत नाही कारण तो मोठा आहे. कोडं संपलं! सर्वनामाला हातसुद्धा लावला नाही, नुसतं नाम बदललं. मी सबटायटलात हे सर्रास करते, जागा कमी असते, नाव परत लिहायला अक्षरं पुरत नाहीत, मग 'गाडी' आणि 'चावी' एका वाक्यात आल्या तर गाडीचा 'ट्रक' नाही करता येत पण चावीची 'किल्ली' करूनही उपयोग नाही, दोन्ही ती, मग 'कुलूप' वापरता येतंय का बघते, असं.

दस्तवाला_काका

युक्ती चांगली आहे पण तिची हद्द सांगतो. तो आणि ते हे वेगळे दिसतात फक्त प्रत्यय नसतो तोवर. डबा तो, झाकण ते. 'डब्यावर झाकण ठेवलं आणि तो पडला', कळलं, डबा पडला. 'ते पडलं', झाकण पडलं. पण 'डब्यावर झाकण ठेवलं तर त्याला तडा गेलेला', आता कोणाला? त्याला, त्याचा, त्यात, त्यावर, सगळीकडे पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एकच होऊन जातं. फक्त ती तेवढी वेगळी राहते, तिला, तिचा. म्हणून नाम बदलायचंच असेल तर दोघांपैकी एक स्त्रीलिंगी होईल असं बघा, ते शेवटपर्यंत टिकतं. पतंगरावांच्या वाक्यात ठेकेदाराऐवजी 'लिफ्ट कंपनी' लिहिलं तर ती आपोआप बाजूला होते.

आणि 'त्यांनी'मध्ये तर लिंग, वचन, आदर सगळंच एका भांड्यात. एक माणूस आदराने, दोन माणसं, दहा बायका, सगळ्यांना त्यांनी. इतिवृत्तात तर सगळेच आदरार्थी, त्यामुळे सर्वांत जास्त घोळ तिथेच.

इंदूरची_माई

काका, तरी आपलं बरं आहे हो. मी इंदूरला जन्मले वाढले, घरात मराठी बाहेर हिंदी. हिंदीत उसने उसको बताया कि उसका भाई आया है, यात कोण बाई कोण पुरुष काही पत्ता नाही, 'उसका'चा 'का' भावाकडे बघून लागलाय. मराठीत 'त्याचा भाऊ', 'तिचा भाऊ', म्हणजे ज्याचा भाऊ तो पुरुष आहे का बाई ते आधीच कळतं. आमच्या सूनबाई हिंदीवाल्या, त्यांची मराठी छान आहे आता पण हे 'तिचा-त्याचा' शिकायला त्यांना सगळ्यात वेळ लागला.

आणि आदराचाही फायदा होतो की. 'सुनेने सासूबाईंना सांगितलं की त्यांच्या आईचा फोन आला होता', इथे आई सासूबाईंची. सुनेची असती तर 'तिच्या आईचा' म्हटलं असतं. एकीला अहो-जाहो आणि एकीला अगं-तुगं असेल तर वाक्य कधीच गोंधळत नाही.

घाटावरचा

माई +१. आमच्या घरी आता उलटं झालंय, बायको आणि आई दोघींनाही मुलं अगं आई अगं आजी करतात, त्यामुळे पोरगं सांगतं "आई आजीला म्हणाली तिचा चष्मा सापडला" आणि दोघींनाही चष्मा आहे, दोघी उठून शोधायला.

अवांतर: पतंगरावांना सरळ सांगतो, 'आपल्या' वापरा की. '...आगाऊ रक्कम दिल्याचे आपल्या लक्षात आले नव्हते'. आपला म्हणजे जो बोलतोय त्याचा, म्हणजे अध्यक्षांचा. एक शब्द बदलायचा, काम झालं. मराठीत हा शब्द त्यासाठीच आहे.

गच्चीवरचा_पतंग

घाटावरचा भाऊ, काय सुटसुटीत आहे! म्हणजे «अध्यक्षांनी खजिनदारांना सांगितले की त्यांनी लिफ्ट कंपनीला आगाऊ रक्कम दिल्याचे आपल्या लक्षात आले नव्हते.» 'आपल्या' अध्यक्ष झाले की 'त्यांनी' आपोआप खजिनदार उरतात. हेच टाकतो.

उपशीर्षकवाली

थांबा, टाकू नका. कागदावर बरोबर आहे पण सोसायटीत चालणार नाही. 'आपल्या' म्हणजे 'तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या' पण होतं ना. सभासद वाचतील 'आपल्या लक्षात आले नव्हते', म्हणजे कमिटीच्या, म्हणजे सगळी कमिटी झोपली होती. आणि अगदी सभ्य भाषेत 'आपल्या' म्हणजे 'तुमच्या' पण, 'आपले शुभ नाव?' मधला. म्हणजे अध्यक्ष खजिनदारांना म्हणतायत की साहेब आपल्या लक्षात आलं नव्हतं. परत तिथेच!

घाटावरचा

एवढा किस कोण पाडतं हो. कथेत 'राम्याने गण्याला आपल्या घरी नेलं' लिहिलं तर घर राम्याचंच, 'त्याच्या घरी नेलं' लिहिलं तर गण्याचं किंवा तिसऱ्याच कोणाचं. पोरांनाही कळतं.

दस्तवाला_काका

एका क्रियापदाच्या साध्या वाक्यात तुमचं शंभर टक्के खरं. भानगड दुसरी क्रिया आली की होते. 'आईने मुलीला आपल्या खोलीत झोपायला सांगितलं.' खोली कोणाची?

घाटावरचा

आईची. सांगणारी आई.

कोथिंबीर_जुडी

मुलीची! जा आपल्या खोलीत झोप, असं सांगितलं. झोपणारी मुलगी आहे.

इंदूरची_माई

मला पण मुलीची वाटते. पण मुलगी तीन वर्षांची असेल तर आईची :)

बाराखडी_मास्तर

आपला हा मुख्य कर्त्याकडेच जातो. आई. यात चर्चेला जागाच नाही.

दस्तवाला_काका

बघा, चार जणांत दोन-दोन झाले. सांगण्याचा कर्ता आई, झोपण्याचा कर्ता मुलगी, आणि 'आपल्या'ला कर्ता हवा असतो, तो दोघींपैकी कोणालाही पकडतो. माझ्या कानाला दोन्ही चालतात, म्हणून दस्तात मी हा शब्द वापरतच नाही. 'स्वतःच्या खोलीत' केलं तर माझा कल मुलीकडे झुकतो कारण स्वतः शक्यतो जवळचा कर्ता धरतो, पण तिथेही पैज लावणार नाही.

बाराखडी_मास्तर

मी अजूनही आईच म्हणेन.

सायकलस्वार

मी असाच विचार करत होतो, बोलताना तर आपण सरळ "अध्यक्ष म्हणाले की मला माहीत नव्हतं" असंच म्हणतो. बोलीत एवढे प्रश्न येत नाहीत.

उपशीर्षकवाली

सायकलस्वार, यावेळी अगदी मुद्द्याचं. मराठीत 'की' लावूनसुद्धा आपण पुढे बोलणाऱ्याचेच शब्द ठेवतो, 'सुमन मीनाला म्हणाली की माझी बदली झाली'. मी आणि तू आले की सुमन कोण मीना कोण आपोआप ठरतं. 'तिची बदली झाली' लिहिलं की संपलं. त्यामुळे माझी पहिली दुरुस्ती नेहमी हीच, तो-तीचा मी-तू करून बघायचा. एकच खोड आहे, 'की'नंतरचा 'मी' कधीकधी सांगणाऱ्याचाच वाटतो. माझ्या बहिणीचा मेसेज आला होता, "आईने सांगितलंय की मी उद्या येणार नाही". आई येणार नाही का बहीण? मी दोघींचा स्वयंपाक केला.

दस्तवाला_काका

म्हणून अवतरणचिन्ह. असो, पतंगराव, आता तुमचं वाक्य बसवून टाकू. मला वाटतं शब्द बदलून ते सुधारणारच नाही, कारण एका वाक्यात तीन गोष्टी कोंबल्या आहेत, पैसे दिले, माहीत नव्हतं, आणि सांगितलं, आणि तिन्हींचे कर्ते 'त्यांनी'खाली लपलेत. आधी घडलं ते वेगळं काढा, मग कोण काय म्हणालं ते लिहा.

«खजिनदारांनी लिफ्टच्या ठेकेदाराला २५,००० रुपये आगाऊ दिले होते. 'ही गोष्ट मला माहीत नव्हती', असे अध्यक्षांनी सांगितले.»

एकही 'त्यांनी' नाही. मूळ वाक्यात 'रक्कम' एवढंच होतं, मी आकडा घातला, कारण दोन महिन्यांनी परत आगाऊ दिले तर 'ती रक्कम' कोणती यावर नवीन भांडण नको.

गच्चीवरचा_पतंग

काका, हे एकदम साफ आहे. एक शंका, 'ही गोष्ट अध्यक्षांना माहीत नव्हती, असे त्यांनी सांगितले' असं केलं तर? अवतरण नको, सरकारी वाटेल.

दस्तवाला_काका

तो 'त्यांनी' परत आला बघा मागच्या दाराने. अध्यक्षांना माहीत नव्हतं असं खजिनदारांनीही सांगितलेलं असू शकतं, वरच्याच वाक्याचे कर्ते ते आहेत. आणि 'असे त्यांनी सांगितले' काढून नुसतं 'अध्यक्षांना माहीत नव्हती' ठेवलंत तर सोसायटीनेच प्रमाणपत्र दिल्यासारखं होतं, उद्या ऑडिटर विचारेल की हे तुम्ही कशावरून ठरवलं. ते म्हणाले एवढंच नोंदवा.

कोथिंबीर_जुडी

काका, ठेकेदाराला 'ठेकेदारांना' नको का? त्यांचा मान? 'ठेकेदाराला' जरा तुसडं वाटतं.

दस्तवाला_काका

मान द्या की, आता 'त्यांनी' उरलाच नाही तर 'ठेकेदारांना' लिहून काही बिघडत नाही. फक्त ठेकेदार एकच आहे का तीन कोटेशनवाले तिघं, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर तयार ठेवा.

अजून एक, इतिवृत्तात 'सदर' हा शब्द फार वापरतात, सदर रक्कम, सदर विषय. एकच रक्कम असेल तोवर ठीक. मागे एका दस्तात फ्लॅट आणि गाडी लावायची जागा दोन्ही विकायचं होतं आणि कच्च्या खर्ड्यात सगळीकडे 'सदर मिळकत'. मी विचारलं कोणती सदर? मग 'मिळकत अ' आणि 'मिळकत ब' करून सगळा खर्डा परत टाइप केला.

पाकक्रिया_वेडी

उशिरा आले. माझ्या पाककृतीवर एकीने विचारलं होतं, "केक साच्यातून काढून त्याला तूप लावायचं म्हणजे केकला का?" मी साच्याला म्हणत होते, पुढच्या घाण्यासाठी. तिने केकला लावलं. चांगला लागला म्हणे.

गच्चीवरचा_पतंग

अपडेट देतो. काल सभा झाली. जुन्या नोंदीवर खाडाखोड केली नाही, प्रोसिडिंग बुकात नवीन सभेच्या नोंदीत 'मागील इतिवृत्तातील वाक्य पुढीलप्रमाणे दुरुस्त करण्यात आले' असं लिहायचं ठरलं आणि काकांचं वाक्य मी उभं राहून मोठ्याने वाचलं. "खजिनदारांनी लिफ्टच्या ठेकेदारांना २५,००० रुपये आगाऊ दिले होते. ही गोष्ट मला माहीत नव्हती," इथे मी श्वास घेतला आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे तू सचिव ना, तुलाच माहीत नव्हतं?"

अवतरणचिन्ह ऐकू येत नाही हो काका!! सगळे हसले, खजिनदार पण हसले, पहिल्यांदाच.

दस्तवाला_काका

हाहा. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, दस्त वाचून दाखवताना आम्हीही अडकतो. कोण म्हणालं ते आधी घ्या: «अध्यक्ष म्हणाले, 'ही गोष्ट मला माहीत नव्हती.'»

गच्चीवरचा_पतंग

तेच केलं तिथल्या तिथे, पेनाने. मग सर्वांनी कायम केलं, अध्यक्षांनी सही केली. आता काकू विचारतायत की दोर बदलला का. त्याचं उत्तर मात्र मला खरंच माहीत नाही.